वर्गातल्या एका वाक्यावरून पालक संतापतात तेव्हा : वर्गशिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी मुंबईतल्या शाळांमध्ये वर्गशिक्षक म्हणून नव्याने उभ्या राहणाऱ्यांसाठी हे पान आहे. विषय एकच : मूल घरी जाऊन सांगतं की बाई किंवा सर वर्गात अमुक बोलले, पालक चिडून लिहितात, आणि उत्तर वर्गशिक्षकाला द्यावं लागतं. सगळी उत्तरं ऐरोलीतल्या माझ्या वर्गातल्या एकाच प्रसंगाच्या आधाराने दिली आहेत. ओळख पटू नये म्हणून त्यातले काही तपशील बदलले आहेत.

प्रसंग काय होता?

सहावीचा वर्ग, सेमी-इंग्रजी. मुलगी दिवा कोळीवाड्याच्या बाजूची, घरी आगरी बोलणारी. मराठीच्या तासाला तिने विहिरीवर स्वतः लिहिलेला उतारा उभं राहून वाचला. रात्री दहाच्या सुमारास तिच्या आईचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला :

"मॅडम, मराठीच्या बाईंनी माझ्या मुलीला सगळ्या वर्गासमोर सांगितलं की गाववाल्यांना बोलायलाच येत नाही. पोरगी जेवली नाही. आमच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं आणि आता आम्हालाच बोलायला शिकवणार? उद्या सकाळी मी गेटवर येते. त्या बाईंनी सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर मी पुढे जाईन."

जमिनीचा उल्लेख वाचून हा राग फक्त आजच्या तासाचा नाही हे कळायला हवं. सिडकोने १९७० नंतर इथल्या ज्या गावांची शेतं आणि मिठागरं घेतली, त्या घरांमध्ये 'गाववाले' हा उल्लेख साधा पडत नाही. बाहेरून बदलून आलेल्या शिक्षकाला हे ठाऊक नसेल, तर तो "एवढ्याशा गोष्टीवरून" असं काहीतरी लिहून बसतो आणि पुढचं सगळं अवघड होतं.

रात्रीच उत्तर द्यायचं का?

हो, पण छोटं. सकाळपर्यंत दोन निळ्या खुणा दिसत राहिल्या आणि उत्तर नाही, की शाळा दडपतेय असा अर्थ काढला जातो. लांब उत्तर त्याहून वाईट, कारण त्या वेळी तुम्हाला काहीच माहीत नसतं आणि न कळलेल्या गोष्टीबद्दल माणूस लांबलचक लिहायला लागला की काहीतरी कबूल तरी करतो किंवा नाकारतो तरी. त्या रात्री गेलेलं उत्तर असं होतं :

"नमस्कार ताई. मेसेज वाचला. मुलगी जेवली नाही हे वाचून वाईट वाटलं. ती जे सांगते आहे ते गंभीर आहे आणि मी ते तसंच घेते. त्या तासाला मी वर्गात नव्हते, म्हणून काय झालं ते उद्या आधी तिच्याकडून आणि मग बाकीच्यांकडून समजून घेते. उद्या दुपारी साडेतीनला तुम्हाला फोन करते. तोपर्यंत कृपया तिला पुन्हा पुन्हा विचारू नका, तिला आज शांत झोपू द्या. तुम्हाला सकाळीच यायचं असेल तर जरूर या, साडेसातला मुख्याध्यापिकाबाईंच्या ऑफिसमध्ये बसून बोलू."

फोनची वेळ स्पष्ट लिहिली आहे. "लवकरच कळवते" म्हटलं की पालकांच्या लेखी 'लवकर' अर्ध्या तासात संपतं. गेटऐवजी ऑफिसही सुचवलं आहे. येऊ नका असं म्हटलं तर त्या आल्याच असत्या आणि गेटवरच उभ्या राहिल्या असत्या.

"आमच्या बाई असं बोलणारच नाहीत" हे लिहिण्यात गैर काय? मी त्यांना वर्षानुवर्षं ओळखते.

तुम्ही त्यांना स्टाफरूममध्ये ओळखता. तिसऱ्या तासाला, चाळीस-पन्नास मुलांपुढे, मागच्या बाकांवर हशा पिकलेला असताना त्या कशा बोलतात ते तुम्ही पाहिलेलं नसतं. शिवाय या वाक्याचा आईला ऐकू येणारा अर्थ एकच : तुमची मुलगी खोटारडी आहे.

मग लगेच माफी मागून विषय मिटवावा का?

पुष्कळ शाळांना हा सोपा मार्ग वाटतो, मला तो पळवाटेसारखा वाटतो. चौकशीआधी "बाईंच्या वतीने माफी मागते" असं लिहिलं की निकाल लागला, आणि तोही त्या बाईंना न विचारता. पुढे वेगळं काही निघालं तर तोच मेसेज स्क्रीनशॉट होऊन समोर येतो. मुलीला त्रास झाला याचं वाईट वाटणं आणि कोणी काय म्हटलं याची कबुली देणं, या दोन गोष्टी उत्तरात वेगळ्या राहिल्या पाहिजेत.

आईने तेच पालकांच्या ग्रुपवर टाकलं तर?

ग्रुपवर चर्चा करायची नाही. "ताई, तुम्हाला स्वतंत्र उत्तर पाठवलं आहे, या विषयावर तुमच्याशीच बोलते" एवढी एक ओळ तिथे टाकावी. त्याच रात्री मुख्याध्यापिकांना कळवावं, कारण सकाळी त्यांना ती बातमी दुसऱ्या पालकाकडून मिळता कामा नये.

अशी कोणती तक्रार आहे जिची चौकशी मी करायचीच नाही?

लैंगिक स्वरूपाचं बोलणं, स्पर्श, फोटो, मेसेज यांचा नुसता संशय असला तरी वर्गशिक्षकाने 'आधी खात्री करून घेऊ' म्हणून मुलांना विचारत बसायचं नाही. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे ज्याला अशी माहिती मिळते त्याने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापिकांना सांगितलं म्हणजे आपली जबाबदारी संपली असंही होत नाही. १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

मारहाण झाली असेल किंवा जातीवरून अपमान केल्याचा आरोप असेल, तर प्रकरण त्याच दिवशी लेखी मुख्याध्यापिकांकडे द्यावं. आणि तक्रार खुद्द तुमच्याबद्दल असेल, तर पालकांना एवढंच लिहावं : "तक्रार माझ्याविषयी आहे, म्हणून ती मी मुख्याध्यापिकाबाईंकडे दिली आहे. यापुढे त्या तुमच्याशी बोलतील." मग त्या मुलाला बाजूला घेऊन काही विचारू नये, प्रेमानेही नाही.

नुसतं बोलणं कायद्याच्या कक्षेत येतं का?

येतं. शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होऊ शकते. मुलाच्या घरच्या पार्श्वभूमीवरून किंवा आईवडिलांच्या व्यवसायावरून टोमणे मारणं हे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मानसिक छळातच धरलेलं आहे. म्हणजे आईने लिहिलेलं वाक्य बाईंनी खरोखर तसंच उच्चारलं असेल, तर ते 'सहज बोलून गेल्या' या सदरात टाकता येत नाही. म्हणूनच ते उच्चारलं का, आणि कोणी, हे नीट शोधणं भाग असतं.

मुलीशी कसं बोलायचं?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मूल शाळेत येतं तोवर त्याला घरी बऱ्याच वेळा विचारून झालेलं असतं. आई विचारते, मग बाबा, मग आजी, आणि प्रत्येक वेळी प्रश्नातच अर्धं उत्तर असतं : "बाईंनीच म्हटलं ना? सगळ्यांसमोर म्हटलं ना?" एकच प्रश्न पुन्हा आला की आपलं आधीचं उत्तर चुकलं असं मुलाला वाटतं आणि ते मोठ्यांना पटेल अशा दिशेने सरकतं. खोटं बोलण्याचा यात काही संबंध नसतो. मुलं मोठ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात, आणि आपण शाळेतही वर्षभर त्यांना तेच शिकवत असतो.

म्हणून एकदाच बोलावं, एकाच व्यक्तीने, आणि मूल निवांत असताना. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून बोलावू नये. स्टाफरूममध्ये तर नाहीच, तिथे त्या बाई शेजारच्या टेबलावर असू शकतात. आम्ही ग्रंथालयात बसलो, ग्रंथपाल पलीकडे त्यांचं काम करत होत्या. पहिलं वाक्य असं होतं : "काल मराठीच्या तासाला मी नव्हते. तू वाचायला उभी राहिलीस तिथपासून काय काय झालं ते तुझ्या भाषेत सांग. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण, चालेल." नंतर गप्प बसायचं. शिक्षकांना हे जड जातं, पण मूल थांबलं की आपण वाक्य पुरं करून द्यायचं नाही. "मग?" एवढंच पुरतं.

तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं : "मी पानी वाचलं. बाई बोलल्या पाणी. मी परत पानी बोलले. मग सगळे हसले. बाई काहीतरी परीक्षेचं बोलल्या. मग ते बोलले, गाववाल्यांना बोलायला नाही येत."

"ते" म्हणजे कोण, हा त्यानंतरचा प्रश्न. तो "बाई का?" असा विचारला असता तर ती हो म्हणाली असती. विचारलं असं : "ते वाक्य ऐकलंस तेव्हा तू कुठे बघत होतीस?" ती म्हणाली, "वहीत. मी वर बघितलंच नाही."

तक्रारीचा अर्धा भाग इथे सैल झाला. ते वाक्य तिने ऐकलं होतं यात मला शंका उरली नाही. ते बाईंचं होतं, हे मात्र तिने पाहिलेलं नव्हतं.

बाकीच्या मुलांना काय विचारायचं?

वर्गात जाऊन "बाई काय म्हणाल्या ते कोणी ऐकलं, हात वर करा" असं कधीही करू नका. पहिला हात वर गेला की पुढची दहा उत्तरं त्याच सुरात येतात, शिवाय त्या मुलीची गोष्ट पुन्हा एकदा वर्गाची करमणूक होते.

बसण्याचा तक्ता काढावा. कोणाला ऐकू आलं असेल हे त्यावरून ठरवावं, कोण हुशार किंवा कोण खरं बोलतं यावरून नाही. मॉनिटरला विचारण्याची आपली सवय वाईट आहे, तो बहुतेक वेळा फळ्याजवळ असतो आणि त्याला बाईंची मर्जीही सांभाळायची असते. आम्ही तिघांना वेगवेगळं बोलावलं : तिच्या बाकावरची मुलगी, मागच्या बाकावरचा एक मुलगा आणि खिडकीकडे बसणारी एक मुलगी, जिची तिच्याशी मैत्री नाही आणि भांडणही नाही. प्रश्न त्या वाक्याबद्दल नव्हताच. "काल मराठीच्या तासाला काय झालं?" एवढंच विचारलं.

बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई बोलल्या, तुमच्याकडे असंच बोलतात, पण परीक्षेत चालणार नाही. मग मागून कोणीतरी गाववाले बोललं." खिडकीकडच्या मुलीने फक्त हसणं ऐकलं होतं. मागच्या बाकावरचा मुलगा आधी बूट बघत राहिला, मग न विचारताच म्हणाला, "मी एकट्याने नाही बोललो, बाकीचे पण हसले."

मूल कबूल झालं की तिथे थांबायचं. अजून कोण कोण, ही चौकशी त्याच बैठकीत सुरू केली की ते मूल स्वतःला वाचवण्यासाठी नावं घेऊ लागतं.

ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्या सहकाऱ्याला कधी आणि कसं विचारायचं?

आमच्याकडे मुख्याध्यापिकांसमोर, त्याच दिवशी, मुलांची उत्तरं त्यांना न दाखवता विचारलं. तक्रार मात्र पूर्ण सांगायची, आईच्या मेसेजमधलं वाक्य जसंच्या तसं. "पालकांची तुमच्याबद्दल थोडी नाराजी आहे" अशा मोघम बोलण्यावर कोणीही मोघमच उत्तर देतं. आणि त्या बाईंना स्वतःचं म्हणणं लेखी देण्याची संधी मिळाली पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे.

बाईंनी लिहून दिलं की त्यांनी उच्चार दोनदा दुरुस्त केला, परीक्षेत चालणार नाही असं म्हटलं आणि गाववाल्यांबद्दल काहीही बोलल्या नाहीत. "तुमच्याकडे" म्हटल्याचं आठवतं का, असं विचारल्यावर त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हटलं असेन. त्यात वाईट हेतू नव्हता." मागून आलेलं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं, कारण त्या फळ्याकडे वळल्या होत्या.

नंतर मुलीची वही मागवली. हे कोणाला सुचलं नसतं तर एक गोष्ट कायमची राहून गेली असती. वहीत प्रत्येक ठिकाणी 'पाणी' असंच लिहिलेलं होतं, मोठ्या ण ने. घरच्या बोलीत ण चा न होतो, लिहिताना तिचा होत नव्हता. लेखी परीक्षेत तिचे गुण जाण्याचा प्रश्नच नव्हता.

सीसीटीव्ही बघितला की एवढं सगळं करावं लागणार नाही ना?

बदलापूरच्या ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले, तेव्हापासून पालकांचा हा पहिला प्रश्न असतो. वर्गातल्या कॅमेऱ्यांना बहुतेक वेळा आवाज नसतो. त्यामुळे कोण काय बोललं ते कळत नाही, पण बाई कुठे उभ्या होत्या, मुलीची मान खाली होती का, हशा कोणत्या क्षणी उठला, हे दिसतं. इथे बाईंची पाठ वर्गाकडे असल्याचं दिसलं आणि ते त्यांच्या म्हणण्याशी जुळलं. यंत्रातली जागा भरली की जुनं चित्रण पुसलं जातं, म्हणून तक्रार आल्याच दिवशी तेवढा भाग जपून ठेवायला सांगावा. ते चित्रण पालकांच्या मोबाइलवर पाठवायचं नाही, त्यात इतरांचीही मुलं आहेत.

निष्कर्ष कसा काढायचा?

तक्रारीचे तुकडे करावेत आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं लिहावं. मुलगी वर्गासमोर अपमानित झाली का? झाली. गाववाल्यांबद्दलचं वाक्य उच्चारलं गेलं का? गेलं, एका विद्यार्थ्याकडून. ते बाई म्हणाल्या का? चौघांपैकी कोणीही बाईंच्या तोंडून ते ऐकल्याचं सांगितलं नाही. बाईंकडून काही चुकलं का? हो. "तुमच्याकडे असंच बोलतात" हे हशा सुरू असताना म्हटलं गेलं आणि मागच्या मुलाने त्याचंच पुढचं वाक्य केलं. हसणाऱ्यांना कोणी थांबवलं नाही.

'तक्रार खोटी' असा शेरा मारून हे बंद करणं सहज शक्य होतं आणि कागदावर ते टिकलंही असतं. वाक्य कोण बोललं हे सांगताना मूल चुकलं म्हणून घटना नाहीशी होत नाही.

शेवटचं उत्तर पालकांना कसं लिहायचं?

ठरल्या वेळी आधी फोन, मग लेखी. नुसतं पत्र वाचताना आवाज ऐकू येत नाही, म्हणून त्यातलं काहीही पालकांना पहिल्यांदाच कळत असू नये. पत्र असं गेलं :

"सप्रेम नमस्कार. आपल्या तक्रारीबाबत मी आपली मुलगी, वर्गातले तीन विद्यार्थी आणि मराठीच्या शिक्षिका यांच्याशी वेगवेगळं बोलले. मुलीने सांगितलेलं वाक्य वर्गात उच्चारलं गेलं, हे खरं आहे. ते शिक्षिकेने नव्हे, तर एका विद्यार्थ्याने म्हटलं. मुलीचं लक्ष तेव्हा वहीत होतं, त्यामुळे ते बाईंचं वाटणं स्वाभाविक आहे. ती खोटं बोललेली नाही.

उच्चार दुरुस्त करताना शिक्षिकेने 'तुमच्याकडे असंच बोलतात, पण परीक्षेत चालणार नाही' असं म्हटलं. हे वर्गासमोर म्हणायला नको होतं, आणि मुलीचं लेखन अचूक असल्याने त्याची गरजही नव्हती. याबद्दल त्या आपल्याशी आणि मुलीशी स्वतः बोलणार आहेत. संबंधित विद्यार्थ्याच्या पालकांना शाळेने बोलावलं आहे. त्याचं नाव मी आपल्याला सांगू शकत नाही, जसं आपल्या मुलीचं नाव त्यांना सांगणार नाही. वाचनाच्या वेळी हसण्याबद्दल मी वर्गाशी बोलेन, पण या प्रसंगाचा उल्लेख करणार नाही. दोन आठवड्यांनी मुलगी वर्गात कशी आहे हे सांगायला फोन करेन."

वर्गासमोर माफीची मागणी आम्ही मानली नाही. बाईंची प्रतिष्ठा हे त्याचं कारण नव्हतं. मुलीलाच विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको, परत सगळे माझ्याकडे बघतील." आईला हे कारण सांगितल्यावर त्यांनी तो आग्रह सोडला. बाई ग्रंथालयात दोघींशी बोलल्या. आई समाधानाने गेल्या असं मी म्हणणार नाही, पण ऐकून घेऊन गेल्या.

एवढं करूनही पालकांना पटलं नाही तर?

त्यांना पुढचा रस्ता आपणच सांगावा, तो दडवल्याने बंद होत नाही. मुख्याध्यापिका, मग संस्था किंवा शाळा व्यवस्थापन समिती, मग शाळा ज्यांच्या अखत्यारीत येते तो महापालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग. महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते.

मुलाने ठरवून खोटं सांगितलं असं निघालं तर?

क्वचित होतं. गृहपाठ झाला नव्हता, चाचणीत कमी गुण पडले होते, घरी मार पडणार होता, असं काहीतरी त्यामागे सापडतं. पालकांना "वर्गात असं बोललं गेल्याचं आढळलं नाही" एवढंच लिहावं आणि मुलाला काय लपवावं लागलं ते त्यांच्याशी समोरासमोर बोलावं.

कागदपत्रं कोणाकडे ठेवायची?

आईचा मेसेज, मुलांच्या शब्दांतल्या नोंदी, बाईंचं लेखी म्हणणं, बसण्याचा तक्ता आणि शेवटचं पत्र एका बंद पाकिटात तारीख घालून मुख्याध्यापिकांकडे द्यावं. आपल्या मोबाइलमध्ये मुलांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग करू नये. वर्ग बदलला की पुढच्या वर्गशिक्षिकेला पाकीट द्यायचं नाही. या मुलीला उभं करून वाचायला सांगताना हशा सांभाळा, एवढं तोंडी सांगितलं की पुरे.